न विकलेल्या कूलरमधला नफा

एकाच कारखान्याचा, एकाच तिमाहीचा हिशेब दोन जाणकारांनी मांडला. विक्रीची बिलं तीच, खरेदीची व्हाउचरं तीच, पगारपत्रकही तेच. एकाच्या कागदावर चार लाख रुपये नफा आला, दुसऱ्याच्या कागदावर दोन लाख रुपये तोटा. कुणी काही लपवलं नव्हतं, कुणाची बेरीजही चुकली नव्हती. तरी दोघांच्या उत्तरांत सहा लाखांचं अंतर होतं.

हे अंतर कुठून येतं, हे एकदा नीट समजलं की कुठल्याही उत्पादक कंपनीच्या नफ्याकडे आपण वेगळ्या नजरेनं पाहू लागतो. मग ती शेजारच्या एमआयडीसीतली असो किंवा शेअर बाजारात नोंदलेली. दोन्ही उत्तरं जुळवून दाखवता येतात, तीही अगदी रुपयापर्यंत. त्यासाठी फक्त एका गोष्टीचा माग काढावा लागतो: कारखान्याचा स्थिर खर्च गोदामातल्या मालात किती अडकला आणि तिथून किती बाहेर आला.

हे पाहायला वाळ्याच्या वासाचा आणि पत्र्याच्या खडखडाटाचा धंदा घेऊ. विदर्भातल्या उन्हाळ्यावर चालणारा कूलरचा कारखाना. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले, सोपे ठेवलेले आहेत. पण या धंद्याची चाल अशीच असते. कूलर विकला जातो तो मार्च सरता सरता आणि एप्रिल-मे महिन्यांत. तो तयार मात्र जानेवारीपासून करावा लागतो, कारण उन्हाळ्याची सगळी मागणी उन्हाळ्यातच पुरी करायला ना तेवढी माणसं मिळतात, ना तेवढी यंत्रं असतात. म्हणजे किती बनवलं आणि किती विकलं, हे दोन आकडे या धंद्यात एकमेकांना क्वचितच भेटतात.

खर्चाच्या दोन जाती

आपल्या कारखान्यातला एक कूलर दुकानदाराला ६,००० रुपयांना जातो. त्याची पत्र्याची बॉडी, पंख्याची मोटर, पाण्याचा पंप, वुडवूलचे पॅड, रंग आणि नगावर दिली जाणारी मजुरी मिळून ३,६०० रुपये होतात. कूलर केला तरच हा खर्च होतो, नाही केला तर होत नाही. हा बदलता खर्च. विकल्यावर टेम्पोचं भाडं आणि दलाली मिळून नगामागे आणखी २०० रुपये जातात. तोही बदलता खर्चच, पण तो विक्रीचा, उत्पादनाचा नव्हे.

दुसरी जात वेगळी आहे. शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार, प्रेस आणि वेल्डिंग यंत्रांचा घसारा, विमा, विजेचा स्थिर आकार असा दर तिमाहीला १८ लाख रुपये खर्च कारखान्यावर होतो. एक कूलर बनला काय आणि दोन हजार बनले काय, हे १८ लाख जायचेच. याशिवाय ऑफिस आणि विक्री विभागाचे पगार वगैरे ६ लाख रुपये. तेही स्थिरच, पण कारखान्याच्या आत होणारे नव्हेत.

ही शेवटची वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढचा सगळा फरक फक्त त्या १८ लाखांवरून पडतो. ऑफिसच्या ६ लाखांना आणि नगामागच्या २०० रुपयांना दोन्ही पद्धती सारखंच वागवतात: ज्या तिमाहीत झाले, त्याच तिमाहीत उडवले. कॉमर्सच्या विद्यार्थ्यांची बरीच उत्तरं चुकतात ती इथंच. विक्रीची दलालीसुद्धा ते साठ्याच्या किमतीत घालून बसतात आणि मग दोन बाजू काही केल्या जुळत नाहीत.

सहा लाख गेले कुठे

जानेवारी ते मार्च या तिमाहीत आपल्या कारखान्यानं १,५०० कूलर तयार केले आणि त्यातले १,००० विकले. तिमाहीच्या सुरुवातीला गोदाम रिकामं होतं, शेवटी ५०० कूलर उरले.

पहिला जाणकार म्हणतो, शेडचं भाडं हे वेळेचं भाडं आहे. तीन महिने गेले, तीन महिन्यांचं भाडं संपलं. गोदामात कूलर उरले म्हणून ते भाडं परत मिळत नाही. तेव्हा कूलरची किंमत ३,६०० रुपयेच धरायची आणि १८ लाख या तिमाहीच्या नावावर पूर्ण टाकायचे. ही व्हेरिएबल कॉस्टिंगची पद्धत. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात तिला मार्जिनल कॉस्टिंगही म्हणतात. या पद्धतीनं विकलेला प्रत्येक कूलर ६,००० मधून ३,६०० आणि २०० वजा जाता २,२०० रुपये पदरात टाकतो. यालाच कॉन्ट्रिब्युशन म्हणायचं. हजार कूलरचे झाले २२ लाख. त्यातून कारखान्याचे १८ आणि ऑफिसचे ६ असे २४ लाख गेले. उरला २ लाखांचा तोटा.

दुसरा जाणकार म्हणतो, शेड, यंत्रं आणि सुपरवायझर नसते तर एकही कूलर उभा राहिला नसता. पत्रा आणि मोटर हा जसा कूलरचा खर्च, तसंच शेडचं भाडंही. म्हणून १८ लाख १,५०० कूलरवर वाटायचे, प्रत्येकाच्या वाट्याला १,२०० रुपये. एका कूलरची उत्पादन किंमत मग ३,६०० नव्हे, ४,८०० रुपये. ही अ‍ॅब्सॉर्प्शन कॉस्टिंगची पद्धत. या हिशेबानं विकलेल्या कूलरवर ६,००० मधून ४,८०० आणि २०० वजा जाता हजार रुपये सुटतात. हजार कूलरचे १० लाख. ऑफिसचे ६ लाख गेले, ४ लाख नफा राहिला.

आता गोदामात जाऊ. तिथं उरलेल्या ५०० कूलरपैकी कुठल्याही एकाकडे बोट दाखवून विचारा, याची किंमत वहीत किती लिहिली आहे? पहिला म्हणेल ३,६००, दुसरा म्हणेल ४,८००. दुसऱ्याच्या वहीत प्रत्येक कूलरमध्ये शेडच्या भाड्याचे, सुपरवायझरच्या पगाराचे, घसाऱ्याचे मिळून १,२०० रुपये बसलेले आहेत. पाचशे कूलरमध्ये असे ६ लाख रुपये बसले. ते खर्च झाले आहेत, भाड्याचे चेक वटले आहेत, पगार वाटून झाले आहेत. पण नफा-तोट्याच्या पत्रकात अजून ते खर्च म्हणून आलेले नाहीत. ताळेबंदात ते मालमत्ता म्हणून उभे आहेत आणि कूलर विकला जाण्याची वाट पाहत आहेत.

पहिल्याचा २ लाखांचा तोटा आणि दुसऱ्याचा ४ लाखांचा नफा यांतलं अंतर तेवढंच, ६ लाख. दोन पद्धतींमधला मेळ म्हणतात तो हाच: अखेरच्या साठ्यात बसलेला कारखान्याचा स्थिर खर्च घ्यायचा, त्यातून सुरुवातीच्या साठ्यात बसलेला स्थिर खर्च वजा करायचा आणि येणारी रक्कम व्हेरिएबल पद्धतीच्या नफ्यात मिळवायची. उत्तर अ‍ॅब्सॉर्प्शन पद्धतीच्या नफ्याचं येतं.

उन्हाळ्यात उलटं होतं

एप्रिल ते जून या तिमाहीत पुन्हा १,५०० कूलर तयार झाले, पण विकले गेले २,०००. गोदामातले ५०० जुने कूलरही उठले.

व्हेरिएबल पद्धतीत २,००० कूलरचं २,२०० रुपयांप्रमाणे ४४ लाख कॉन्ट्रिब्युशन झालं. त्यातून २४ लाखांचा स्थिर खर्च गेला, २० लाख नफा. अ‍ॅब्सॉर्प्शन पद्धतीत कूलरमागे हजार रुपये याप्रमाणे २० लाख सुटले, त्यातून ऑफिसचे ६ लाख गेले, १४ लाख नफा. या वेळी दुसऱ्याचा नफा सहा लाखांनी कमी. कारण उघड आहे. मार्चअखेर गोदामात बसलेले ६ लाख रुपये जुन्या कूलरबरोबर बाहेर आले आणि या तिमाहीच्या १८ लाखांच्या जोडीला खर्च म्हणून उतरले. या तिमाहीनं स्वतःचं भाडं भरलं, शिवाय मागच्या तिमाहीची राहिलेली बाकीही चुकवली.

सहा महिने एकत्र पाहिले की चित्र असं दिसतं. रक्कम लाख रुपयांत आहे.

| | जाने.–मार्च | एप्रिल–जून | सहा महिने |
|---|---|---|---|
| तयार केलेले कूलर | १,५०० | १,५०० | ३,००० |
| विकलेले कूलर | १,००० | २,००० | ३,००० |
| व्हेरिएबल पद्धतीचा नफा | −२ | २० | १८ |
| साठ्यातल्या स्थिर खर्चातला बदल | +६ | −६ | ० |
| अ‍ॅब्सॉर्प्शन पद्धतीचा नफा | ४ | १४ | १८ |

जेवढं बनलं तेवढं अखेर विकलं गेलं, म्हणून सहा महिन्यांच्या बेरजेत दोघांचं भांडण उरत नाही. नफा किती हा वाद नव्हताच, तो नफा कुठल्या तिमाहीचा हा वाद होता. साठा वाढतो तेव्हा अ‍ॅब्सॉर्प्शनचा नफा जास्त दिसतो, साठा घटतो तेव्हा कमी दिसतो आणि साठा होता तेवढाच राहिला, शिवाय नगामागचा दरही तोच राहिला, तर दोन्ही सारखे येतात.

यात दुसऱ्या जाणकाराचीही बाजू खरी आहे, हे सांगायला हवं. उन्हाळ्यात २,००० कूलर विकता आले ते हिवाळ्यात शेड चालू ठेवली म्हणूनच. त्या शेडच्या भाड्याचा काही भाग उन्हाळ्याच्या विक्रीच्या नावावर टाकणं अजिबात गैर नाही. जानेवारी-मार्चमध्ये कारखान्यानं दोन लाख गमावले म्हणावं तर तयारी केली त्याचं मोल शून्य ठरतं. हंगामी धंद्यात ही पद्धत वर्षाची गोष्ट जास्त समजूतदारपणे सांगते. पण ती तसं सांगते ते एका गृहीतावर: उरलेला माल खरोखर विकला जाईल आणि तो गरजेपुरताच केलेला आहे.

नफा वाढवायचा, विक्री न वाढवता

हे गृहीत मोडलं की काय होतं ते पाहण्यासारखं आहे. समजा, जानेवारीत मालकानं व्यवस्थापकाला सांगितलं, या तिमाहीचा नफा चांगला दिसला तर तुम्हाला बोनस. व्यवस्थापकाच्या हातात गिऱ्हाईक नाही, पण उत्पादन आहे. त्यानं दुसरी पाळी लावली आणि १,५०० ऐवजी २,४०० कूलर तयार केले. विक्री मात्र तीच, १,०००.

व्हेरिएबल पद्धतीच्या पत्रकात एक पैचाही फरक पडत नाही. हजार कूलर विकले, २२ लाख आले, २४ लाख गेले, २ लाख तोटा. अ‍ॅब्सॉर्प्शनच्या पत्रकात मात्र १८ लाख आता २,४०० कूलरवर वाटले जातात, म्हणजे नगामागे ७५० रुपये. कूलरची उत्पादन किंमत ४,८०० वरून ४,३५० वर आली. विकलेल्या हजार कूलरवर नगामागे १,४५० रुपये सुटले, एकूण साडेचौदा लाख. ऑफिसचे ६ लाख जाऊन नफा साडेआठ लाख.

विक्री तेवढीच, भाव तोच, गिऱ्हाईक तेच. तरी नफा चार लाखांवरून साडेआठ लाखांवर गेला, कारण गोदामात आता १,४०० कूलर आहेत आणि त्यांच्या पोटात १,४०० गुणिले ७५० म्हणजे साडेदहा लाखांचा स्थिर खर्च आहे. उणे २ लाखांत हे साडेदहा लाख मिळवा, साडेआठ लाख येतात. मेळ इथेही चोख बसतो.

जे बसत नाही ते तिजोरीत. जादा ९०० कूलरसाठी नगामागे ३,६०० याप्रमाणे ३२ लाख ४० हजार रुपये पत्रा, मोटरी, पंप आणि मजुरीत गेले. हे पैसे बहुधा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून येतात, आणि बँक दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर मर्यादा ठरवत असल्यानं साठा वाढला की उचलही जास्त मिळते. वर्षाला १० टक्के व्याज धरलं तर या रकमेवर एका तिमाहीचं व्याज ८१ हजार रुपये होतं. ते वरच्या आकड्यांत धरलेलंच नाही. शिवाय गोदामाची जागा, पावसाळ्यात गंजणारा पत्रा, बदलणारं मॉडेल. कागदावर नफा दुपटीहून वाढला आणि कारखाना मात्र अधिक कर्जात गेला.

यावर उपाय शोधण्याचा प्रयत्न जुना आहे. १९३६ साली जोनाथन हॅरिस यांनी अमेरिकेतल्या कॉस्ट अकाउंटंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मुखपत्रात एक लेख लिहिला. गेल्या महिन्यात आपण कमावलं किती, असं त्याच्या शीर्षकातच विचारलेलं होतं. विक्री वाढूनही नफा घटलेला का दिसतो, हा कंपनीच्या प्रमुखाला छळणारा प्रश्न त्यांनी घेतला होता. त्यांचं उत्तर हेच होतं की नफा विक्रीबरोबर उत्पादनाच्याही तालावर नाचतो आहे, त्याला विक्रीशी बांधायचं तर स्थिर खर्च साठ्यात जाऊ द्यायचा नाही. त्या काळात या पद्धतीला डायरेक्ट कॉस्टिंग म्हणत. कारखान्याच्या आतल्या निर्णयांसाठी ती पुढे जगभर रुळली.

मेळ चुकतो तो इथे

आता एक पाऊल पुढे जाऊ, कारण परीक्षेतली सोपी उदाहरणं इथं थांबतात आणि खरे हिशेब इथून सुरू होतात. पुस्तकात बहुधा एक सुटसुटीत सूत्र सापडतं: जेवढ्या नगांनी साठा वाढला किंवा घटला, त्याला नगामागच्या स्थिर खर्चानं गुणा. पहिल्या उदाहरणात ५०० गुणिले १,२०० करून ते बरोबर आलं. पण ते बरोबर आलं याचं कारण दोन्ही तिमाहींत दर १,२०० रुपयेच होता.

व्यवस्थापकानं २,४०० कूलर केल्यानंतरची एप्रिल-जून तिमाही घेऊ. सुरुवातीला गोदामात १,४०० कूलर आहेत. एवढा साठा असताना जास्त करून काय करणार, म्हणून उत्पादन ८०० वर आणलं. विक्री २,००० झाली, शेवटी २०० कूलर उरले.

१८ लाख ८०० वर वाटले तर नगामागे २,२५० रुपये येतील. पण हिशेबाचा नियम तसं करू देत नाही. आपल्याकडे साठ्याच्या मूल्यांकनासाठी लेखा मानक २ आहे, मोठ्या कंपन्यांसाठी भारतीय लेखा मानक २ आहे आणि दोन्हींचा दंडक या बाबतीत एकच आहे. स्थिर खर्च वाटायचा तो कारखान्याच्या सर्वसाधारण क्षमतेवर, म्हणजे अनेक हंगामांत सरासरीनं जेवढं उत्पादन अपेक्षित असतं तेवढ्यावर. उत्पादन कमी झालं म्हणून नगामागचा वाटा वाढवायचा नाही. न वाटलेला खर्च त्याच काळात सरळ नफ्यातून वजा करायचा. उलट उत्पादन नेहमीपेक्षा फारच जास्त झालं, तर नगामागचा वाटा कमी करायचा, म्हणजे साठा प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त किमतीला दिसणार नाही. जानेवारी-मार्चमध्ये आपण १,२०० ऐवजी ७५० धरले ते याच कारणानं.

आपली सर्वसाधारण क्षमता तिमाहीला १,५०० कूलर. म्हणून या तिमाहीचा दर १,२०० रुपयेच. ८०० कूलरमध्ये ९ लाख ६० हजार बसले. उरलेले ८ लाख ४० हजार रिकाम्या क्षमतेचे म्हणून थेट खर्चात गेले. आधी आलेला माल आधी विकला असं धरलं तर १,४०० जुने कूलर ४,३५० रुपयांच्या किमतीनं गेले आणि नव्यातले ६०० कूलर ४,८०० च्या किमतीनं. उरलेल्या २०० कूलरमध्ये नगामागे १,२०० प्रमाणे २ लाख ४० हजारांचा स्थिर खर्च शिल्लक राहिला.

सगळं वजा जाता अ‍ॅब्सॉर्प्शनचा नफा ११ लाख ९० हजार येतो. व्हेरिएबलचा नफा पूर्वीसारखाच २० लाख, कारण विक्री २,००० आहे आणि स्थिर खर्च २४ लाख. फरक ८ लाख १० हजारांचा. साठा १,२०० नगांनी घटला. त्याला १,२०० नं गुणलं तर १४ लाख ४० हजार येतात, ७५० नं गुणलं तर ९ लाख. दोन्ही उत्तरं चूक. बरोबर रस्ता एकच: सुरुवातीच्या साठ्यात साडेदहा लाख होते, अखेरच्या साठ्यात २ लाख ४० हजार राहिले, म्हणजे ८ लाख १० हजार बाहेर पडले.

म्हणून मेळ घालताना नगांची वजाबाकी करू नये, रुपयांची करावी. प्रत्येक साठा ज्या काळात तयार झाला त्या काळच्या दरानं त्यातला स्थिर खर्च काढावा आणि मग दोन रकमा समोरासमोर ठेवाव्यात. मेळ बसला नाही तर बहुतेक वेळा तीनच कारणं निघतात: दर बदलला होता पण एकच धरला, विक्रीचा किंवा ऑफिसचा खर्च साठ्यात शिरला, नाहीतर रिकाम्या क्षमतेचा खर्च दोनदा मोजला गेला. यातलं तिसरं विशेष फसवं आहे. न वाटलेले ८ लाख ४० हजार मेळात वेगळे लिहायचे नसतात, कारण ते साठ्यात कधी शिरलेच नाहीत. दोन्ही पद्धतींनी ते याच तिमाहीत उडवले आहेत.

साठ्यात किती काळ लपता येतं

स्थिर खर्च साठ्यात बसवला म्हणजे तो कायमचा सुखरूप झाला असं नाही. लेखा मानक सांगतं की साठ्याची किंमत उत्पादन खर्च किंवा विकून हाती पडेल ती निव्वळ रक्कम, या दोहोंत जी कमी असेल तीच धरायची. जूनअखेर उरलेल्या २०० कूलरचं मॉडेल जुनं झालं आणि ते ४,५०० रुपयांनाच विकले जातील असं दिसलं, तर विक्रीखर्चाचे २०० रुपये वजा जाऊन नगामागे ४,३०० रुपये हाती येणार. वहीत किंमत ४,८०० आहे. नगामागे ५०० रुपये, एकूण एक लाख, तिथल्या तिथं तोट्यात टाकावे लागतील. अ‍ॅब्सॉर्प्शनचा नफा १० लाख ९० हजारांवर येईल.

व्हेरिएबल पद्धतीच्या वहीत मात्र कूलर ३,६०० रुपयांनाच आहे. तो ४,३०० ला जाणार असेल तर तिथं काहीच कमी करावं लागत नाही. मग या २०० कूलरमध्ये दोन वह्यांतला फरक नगामागे १,२०० ऐवजी ७०० रुपयेच राहतो, एकूण १ लाख ४० हजार. मेळ घालताना अखेरच्या साठ्यात तेवढेच धरायचे. २० लाखांतून साडेदहा लाख वजा, त्यात १ लाख ४० हजार मिळवा, १० लाख ९० हजार. पुन्हा नेमकं जुळतं.

जाहीर ताळेबंदासाठी व्हेरिएबल पद्धत चालत नाही, लेखा मानकं ती मान्य करत नाहीत. आयकरासाठी लागू असलेलं साठ्याच्या मूल्यांकनाचं मानकही कारखान्याचा स्थिर खर्च साठ्यात घ्यायलाच सांगतं. त्यामुळे सरकारदरबारी आणि भागधारकांपुढे जाणारा नफा अ‍ॅब्सॉर्प्शनचाच असतो. व्हेरिएबलचा हिशेब घरातला. किती भावाला ऑर्डर घ्यावी, कुठलं मॉडेल बंद करावं, दुसरी पाळी लावावी का, हे ठरवायला तो जास्त उपयोगाचा. पण त्यालाही मर्यादा आहे. ३,८०० रुपयांच्या वर मिळेल त्या भावानं कूलर विकत राहिलं तर प्रत्येक नगावर काहीतरी पदरात पडल्यासारखं दिसेल, आणि वर्षअखेर शेडचं भाडं आणि ऑफिसचे पगार भरायला पुरेसं जमलेलं नसेल. एखाद्या जादा ऑर्डरचा निर्णय आणि सालभराचा भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाहेरून पाहणाऱ्यानं काय पाहावं

भागधारकाला किंवा कर्ज देणाऱ्याला नगामागचे दर सहसा मिळत नाहीत. तरी खुणा असतात. कंपनी कायद्याच्या नमुन्यातल्या नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला तयार माल आणि अर्धवट तयार माल यांच्या साठ्यातला बदल अशी एक ओळ असते. साठा वाढला तर हा आकडा कंसात, म्हणजे उणे येतो आणि खर्च तेवढा कमी दिसतो. विक्री जागच्या जागी, ही ओळ मोठी उणे आणि नफा वाढलेला, असं तिन्ही एकत्र दिसलं की थांबून विचारावं. मग रोकड प्रवाह पत्रक उघडावं. साडेआठ लाखांचा नफा दाखवणाऱ्या आपल्या कारखान्याच्या त्या पत्रकात व्यवसायातून आलेली रोकड खोल उणे दिसली असती, कारण सगळा पैसा पत्र्यात आणि मोटरीत होता.

एकाच वर्षाचा वाढलेला साठा हा गुन्हा नव्हे. पुढच्या हंगामाची ऑर्डर हातात असेल, कच्चा माल महागणार असेल, नवं गाव काबीज करायचं असेल, तर साठा करणं शहाणपणाचंच. शंका घ्यायची ती साठा विक्रीपेक्षा वेगानं दरवर्षी वाढत असेल तेव्हा. आपल्या तक्त्यात सहा महिन्यांची बेरीज शून्य झाली, कारण गोदाम पुन्हा रिकामं झालं. जिथं गोदाम कधीच रिकामं होत नाही आणि दरवर्षी थोडं अधिक भरतं, तिथं ती वजाबाकी शून्याकडे येतच नाही. आधीच होऊन गेलेला स्थिर खर्च वर्षामागून वर्ष पुढे ढकलला जातो आणि एखाद्या मंदीच्या वर्षी, विक्री घटलेली असतानाच, तो एकदम नफ्यातून वजा होतो.

कारखान्याच्या आत बसणाऱ्याला तर बाहेरून अंदाज बांधायची गरजच नाही. दर तिमाहीच्या पत्रकाखाली तीन ओळी लिहायला सांगाव्यात: व्हेरिएबल पद्धतीचा नफा, साठ्यातल्या स्थिर खर्चातला बदल आणि अ‍ॅब्सॉर्प्शन पद्धतीचा नफा. व्यवस्थापकाचा बोनस पहिल्या ओळीवर ठरवावा, लेखापरीक्षकाला तिसरी दाखवावी. मधली ओळ मालकानं स्वतः वाचावी, कारण जे ९०० कूलर कुणी मागितले नव्हते त्यांनी नफा किती फुगवला, हे फक्त तिथंच आकड्यात लिहिलेलं असतं.